मेटा म्हणतंय ४२, अ‍ॅनालिटिक्स म्हणतंय १९

चप्पल लाईनवाला
आमची कोल्हापुरी चपलांची साइट आहे. गेल्या आठवड्यात मेटाच्या जाहिरातींतून ४२ ऑर्डर आल्या असं मेटा दाखवतंय. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये त्याच जाहिरातींच्या नावावर १९ आहेत. धरायचा कुठला आकडा?

राजारामपुरीकर
अ‍ॅनालिटिक्स धर भावा. मेटा स्वतःच जाहिरात विकतंय आणि स्वतःच मार्क देतंय. नुसती बघितली तरी ऑर्डर स्वतःच्या खात्यात!

हिशेबवाली
बघितल्याचं अर्धंच खरं. मेटाचं मूळ सेटिंग क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसतं बघितल्यावर १ दिवस असं असतं. दोन्ही आकडे वेगळे करून बघता येतात. पण १९ सुद्धा कमीच असणार. गिऱ्हाईक इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये चप्पल बघतं आणि रात्री क्रोम उघडून घेतं. दोन्हींच्या कुकी वेगळ्या, त्यामुळे अ‍ॅनालिटिक्सला तो नवाच माणूस वाटतो आणि ऑर्डर `Direct`मध्ये जाते.

दादा, आधी सगळ्या मार्गांची मिळून बेरीज सांगा. वहीत किती, अ‍ॅनालिटिक्समध्ये किती?

गुजरीतली ताई
आमच्या साजाचे दोन्हीकडचे आकडे जुळतात, पण कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं परत येतात. ती कुठंच वजा होत नाहीत.

चप्पल लाईनवाला
वहीत ६१, अ‍ॅनालिटिक्समध्ये ५२. मेटाच्या ४२ पैकी २९ क्लिकच्या, १३ बघितल्याच्या. वहीत असून अ‍ॅनालिटिक्समध्ये नसलेल्या ९ शोधल्या, सगळ्या यूपीआयच्या निघाल्या.

हिशेबवाली
मग हे दोन वेगळे घोटाळे आहेत. पैसे भरायला माणूस यूपीआय अ‍ॅपमध्ये गेला आणि परत साइटवर आलाच नाही, म्हणून आभाराचं पान उघडलं नाही. अ‍ॅनालिटिक्सचा कोड त्या पानावर आहे. मेटाला ऑर्डर सर्व्हरवरून जाते का?

चप्पल लाईनवाला
होय, प्लगिन पाठवतं.

हिशेबवाली
म्हणून मेटाला त्या दिसल्या असतील. अ‍ॅनालिटिक्सलाही सर्व्हरवरून पाठवा, मात्र चेकआउटलाच `client_id` आणि `session_id` ऑर्डरसोबत जपून ठेवा, नाहीतर ऑर्डर दिसेल पण कुठून आली ते कळणार नाही. `transaction_id` म्हणून वहीतलाच ऑर्डर नंबर द्या. मेटाकडे ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडून `event_id` एकच जातो का, तेही तपासा. वेगळा गेला तर एक ऑर्डर दोनदा मोजली जाते.

बेरीज वहीशी जुळल्यावर जो फरक उरेल तो श्रेय कुणाला द्यायचं याचा. तिथं मी कुठली जाहिरात चांगली हे मेटाच्या क्लिकवरून ठरवते आणि खर्च वाढवायचा का हे वहीवरून.

राजारामपुरीकर
आणि ते १३? मी शून्य धरणार.

हिशेबवाली
मी नाही धरणार. सांगलीत जाहिरात दोन आठवडे बंद ठेवा, कोल्हापुरात चालू ठेवा आणि वहीत सांगलीच्या ऑर्डर किती घटतात ते बघा.

चप्पल लाईनवाला
सांगलीच्या आठवड्याला तीन-चारच येतात. त्यातून काय कळणार?

हिशेबवाली
मग पुणे बंद करावं लागेल.

चप्पल लाईनवाला
निम्मा धंदा पुण्याचा हाय ओ. घरात विचारून सांगतो.