मदत हवी आहे: रात्रीच्या फोटोत आतषबाजी स्क्रीन मोडने टाकली, पण चिकटवल्यासारखी दिसते

रातकिडा:
नदीकाठच्या उंच इमारतींचा रात्रीचा फोटो आहे, समोर पाणी. त्यावर आतषबाजीचा दुसरा फोटो ठेवून स्क्रीन मोड लावला. तीन अडचणी आहेत. एक, फुलोऱ्याभोवती राखाडी चौकोन दिसतो. दोन, लाल ठिणग्या गुलाबी होतात. तीन, प्रतिबिंब उलटं करून पाण्यात टाकलं तर अगदीच खोटं वाटतं. उद्या द्यायचं आहे, लवकर सांगा.

झूमवाला:
आतषबाजीला ट्रायपॉड लागतोच. आयएसओ 100, एफ 11, शटर बल्बवर ठेवून 3-4 सेकंद. फोकस आधीच मॅन्युअल करून ठेवा.

रातकिडा:
काढायची नाहीये हो, दोन्ही फोटो तयार आहेत. जोडायचे आहेत.

थरथर:
स्क्रीन कशाला? मोड लायटन करा, चौकोन गायब. स्क्रीन म्हणजे नुसता धुरकटपणा.

काळीपाटी:
चौकोन जाईल, पण गुलाबी तसंच राहील. शिवाय लायटन प्रत्येक चॅनेलमधला मोठा आकडा तेवढा उचलतो, त्यामुळे विझत आलेल्या ठिणग्यांच्या मंद कडा आकाशात मुरत नाहीत, कापल्यासारख्या दिसतात.

रातकिडा, आधी चौकोनाचं बघू. स्क्रीनमध्ये फक्त शुद्ध काळं अदृश्य होतं. आतषबाजीच्या फोटोतलं आकाश दिसायला काळं असलं तरी आकडा 12 ते 20 असतो, तेवढा उजेड तुमच्या आकाशात मिसळतो. त्या थरावर लेव्हल्स क्लिप करून लावा आणि डावा काळा बाण 18-20 पर्यंत सरकवा. फार ओढलात तर ठिणग्यांची शेपटं तुटतात. पडताळायला सगळ्यांत वर एक कर्व्हज थर ठेवून सावल्या जोरात उचला, राहिलेला चौकोन लगेच उघडा पडेल. मग तो थर काढून टाका.

आता सांगा, आकाश पूर्ण काळं आहे की संध्याकाळचं निळं? फटाके इमारतींच्या मागे आहेत की पाण्यावरून उडतायत? पाणी संथ आहे का?

रातकिडा:
लेव्हल्सने चौकोन गेला! आकाश गडद निळं आहे. बाकीच्याचा विचार केला नव्हता, फुलोरा मधोमध मोठा ठेवला. पाण्यावर बारीक लाटा आहेत.

काळीपाटी:
मग गुलाबीचं कारण तुमचं आकाशच. ठिणगी समजा 255, 40, 20 आहे आणि आकाश 60, 80, 130. स्क्रीननंतर ते 255, 107, 140 होतं. निळ्या चॅनेलचा उजेड लाल रंगात मिसळला. लायटन लावलंत तरी 255, 80, 130 येतं, तेही गुलाबीच. फुलोऱ्याच्या खाली, फक्त आकाशावर मास्क केलेला कर्व्हज ठेवून आकाश गडद करा. निम्मं केलंत तरी फरक पडतो.

थरथर:
ठीक, पण लायटनने माझी कामं होतात. आकाश काळं असलं की कुणाला कळतही नाही.

काळीपाटी:
काळं असेल तर हो. इथे नाहीये.

मोजपट्टी:
मधोमध मोठा म्हणजे किती पिक्सेल? आणि एखाद्या इमारतीची उंची माहीत आहे का?

रातकिडा:
फुलोरा 1500 पिक्सेल रुंद. मधली इमारत 150 मीटर उंच, फोटोत 450 पिक्सेल भरते. तिच्या पायथ्यापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत 400 पिक्सेल पाणी.

मोजपट्टी:
इथेच गडबड आहे. इमारतीच्या अंतरावर 1 मीटर म्हणजे 3 पिक्सेल. तुमचा फुलोरा त्या हिशोबाने 500 मीटर रुंद झाला. 12 इंची शेलसुद्धा साधारण 300 मीटरच पसरतो. नेहमीच्या 6 इंची शेलचा फुलोरा धरा 150 मीटर, म्हणजे 450 पिक्सेल. उंचीसाठी ठोकताळा इंचाला 100 फूट असा आहे, म्हणजे 600 फूट, साधारण 180 मीटर. त्याचं केंद्र पायथ्यापासून 540 पिक्सेल वर आलं. खालची कड 315 वर येते, म्हणजे ती इमारतीच्या माथ्याखाली आहे. शेल इमारतीच्या किंचित मागे धरलात तर तेवढा भाग मास्कने झाकावाच लागेल, कारण स्क्रीन मोड काळ्या भिंतीवरही ठिणग्या दाखवतो. बघणाऱ्याला पहिलं खटकतं ते हेच.

मोठाच फुलोरा हवा असेल तर तो जवळ आणा. पाण्यात निम्म्या अंतरावर तराफा धरलात तर 1 मीटरला 6 पिक्सेल, फुलोरा 900, आणि मग तो इमारतींच्या पुढे राहतो, मास्क नको.

चकाकी:
मी मोबाईलवर स्टिकर टाकते, त्यात प्रतिबिंबाचं बटण असतं. तुम्ही कोणतं अ‍ॅप वापरता?

रातकिडा:
फोटोशॉप. मोजपट्टी, मागेच ठेवतो. प्रतिबिंबाचं काय?

मोजपट्टी:
फुलोरा जिथून उडाला, तिथल्या पाण्याच्या पातळीशी आरसा धरायचा. केंद्र 540 पिक्सेल वर, तर प्रतिबिंबाचं केंद्र 540 पिक्सेल खाली. तुमच्याकडे पाणी 400 आहे. म्हणजे काचेसारख्या संथ पाण्यातही फुलोऱ्याच्या खालच्या कडेचं, 315 ते 400 मधलं, थोडंसंच प्रतिबिंब दिसेल. तेही इमारतीच्या प्रतिबिंबामागे जिथे झाकलं जातं, तिथे दिसणार नाही. तुम्ही अख्खा गोल त्या पट्टीत कोंबलात, म्हणून खोटा वाटला.

रातकिडा:
मग प्रतिबिंब टाकूच नको का? पाणी एकदम मृत दिसेल.

काळीपाटी:
टाका, पण गोल नको, पट्टे टाका. लाटांचा प्रत्येक उतार आपापल्या परीने उजेड फेकतो, त्यामुळे पाण्यात उभी रेघ उमटते. तुमच्याच फोटोत काठावरच्या दिव्यांच्या रेघा किती लांब आहेत ते मोजा. समजा 250 पिक्सेल आहेत, तर उलटवलेल्या थराला तेवढंच द्या:

```
Filter > Blur > Motion Blur
Angle: 90
Distance: 250
```

मग `Filter > Distort > Ripple` अगदी थोडा, आणि मोड स्क्रीन. फुलोरा आणि त्याचा लेव्हल्स एकत्र स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये टाकलात तर मोड नॉर्मलवर परत जातो आणि काळा चौकोन येतो. घाबरू नका, पुन्हा स्क्रीन निवडा.

आणखी एक. फुलोऱ्याचा गाभा जळून पांढरा झालेला असतो. प्रतिबिंब म्हणून त्याचीच अपारदर्शकता कमी केलीत की गाभा राखाडी दिसतो. खऱ्या पाण्यात उजेड कमी परततो, म्हणून तिथे उलट रंग उठून दिसतो. प्रतिबिंबाच्या थरावर ह्यू-सॅच्युरेशनमध्ये कलराइझ करून आणि लाइटनेस खाली ओढून ठिणगीचा रंग द्या, नुसत्या कलराइझने पांढरा गाभा पांढराच राहतो. मगच मंद करा.

थरथर:
एवढी मोजमापं कोण बघतं? अर्धा गोल दाबून पट्टीत टाका, चांगलं दिसलं म्हणजे झालं.

मोजपट्टी:
शेजारीच इमारतीचं सरळ प्रतिबिंब पडलंय. ते पूर्ण उंचीचं आणि फटाक्याचं दाबलेलं, हे दोन्ही एका नजरेत येतं.

थरथर:
लाटांत इमारतीचं प्रतिबिंब तरी कुठे धड दिसतं?

झूमवाला:
स्पर्धेला पाठवणार असाल तर जोडलेला फोटो आहे असं लिहा, नाहीतर बाद.

रातकिडा:
स्पर्धा नाही. फुलोरा 450 केला, मास्क लावला, पट्टे 250 ने टाकले. गुलाबी कमी झालं, पूर्ण गेलं नाही. शेजारच्या काचेच्या इमारतीवर फुलोऱ्याची झाक यायला हवी का?

काळीपाटी:
फटाका मागे आहे ना? मग समोरच्या काचेवर काहीच नको. आकाशात मात्र, फुलोऱ्यामागे, त्याच रंगाचा मोठा मऊ ब्रश फार तर 8-10 टक्के. गुलाबीसाठी आकाश अजून खाली ओढा.