मदत हवी आहे: मुदतपूर्व बाळाचा प्रश्न आला की वाढ, विकास आणि लसीकरण तिन्ही एकमेकांत मिसळतात

पाऊणरात्र

पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला सात आठवडे उरलेत. वाढीचे तक्ते, माइलस्टोन आणि लसीकरण हे तिन्ही माझे वेगवेगळे पाठ आहेत. सुटं सुटं विचारलं तर उत्तर येतं. काल सराव परीक्षेत तिन्ही एकाच बाळावर विचारले आणि तिन्ही चुकले.

प्रश्न असा होता. मुलगी, जन्म ३२ आठवड्यांना, जन्मवजन १६०० ग्रॅम. आज २६ आठवड्यांची, म्हणजे ६ महिन्यांची. वजन ५.४ किलो. मान छान धरते, खेळणं दोन्ही हातांनी पकडते, पण एका हातातून दुसऱ्या हातात घेत नाही आणि बसवलं की कोलमडते. पेंटाव्हॅलंट आणि रोटाव्हायरसचे डोस १४, १८ आणि २२ आठवड्यांना झालेत.

मी लिहिलं: वजन कमी, विकास मागे, लसीकरण वेळेवर. वाढ आणि विकास जन्मतारखेपासून मोजले आणि लसींसाठी मात्र बाळ लहान म्हणून ८ आठवडे वजा केले. उत्तरतालिकेत नेमकं उलटं आहे. कुठे काय वजा करायचं हे डोक्यात पक्कं कसं बसवायचं? आणि उजळणी करताना हे तीन विषय एकत्र करावेत की वेगळेच ठेवावेत?

कोरा_कागद

सोपं आहे. मुदतपूर्व बाळ दिसलं की ४० मधून जन्माचे आठवडे वजा करायचे आणि आलेला आकडा सगळीकडे वापरायचा. ४० वजा ३२ म्हणजे ८ आठवडे. २६ मधून ८ गेले की १८ आठवडे, म्हणजे साधारण ४ महिने. मग हे बाळ ४ महिन्यांचं समजायचं, विषय संपला. मी तरी असंच करतो.

वॉर्ड_नंबर_नऊ

कोरा_कागद, तुमची वजाबाकी बरोबर आहे, पण "सगळीकडे" हा शब्द काढा. पाऊणरात्रची लसीची चूक त्या शब्दातूनच झाली आहे. मी बालरोगात निवासी डॉक्टर आहे, ओपीडीतही हाच घोळ दिसतो.

पाऊणरात्र, नियम पाठ करू नका, कारण धरून ठेवा. मान धरणं, पकडणं, बसणं हे मेंदू किती पक्व झाला यावर ठरतं. ही पक्वता गर्भधारणेपासून मोजली जाते. बाळ लवकर बाहेर आलं म्हणून मेंदूचं घड्याळ पुढे सरकत नाही. त्यामुळे विकास सुधारित वयाने बघायचा. ४ महिन्यांच्या बाळाने काय करावं? मान धरावी, दोन्ही हातांनी वस्तू पकडावी. ही मुलगी ते करते. हात बदलणं ६ महिन्यांचं, आधाराशिवाय बसणं त्याहून पुढचं. तेव्हा ती मागे नाही.

वजनाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर ६ महिन्यांच्या मुलीसाठी उणे २ ची रेषा ५.७ किलोजवळ आहे. ५.४ तिथे खाली पडतं, म्हणून तुम्हाला ती कमी वजनाची वाटली. तोच ठिपका ४ महिन्यांवर टाका. तिथे उणे २ ची रेषा ५ किलोवर आणि मधली रेषा ६.४ वर आहे. ठिपका रेषेच्या आत येतो. वजन तेच, फक्त आडव्या अक्षावर ठिपका दोन घरं मागे सरकला.

आता लस. आईकडून नाळेतून येणारी प्रतिपिंडं मुख्यतः शेवटच्या तिमाहीत येतात. ३२ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाला ती कमी मिळालेली असतात आणि लवकर संपतात. बाहेरच्या जंतूंशी गाठ मात्र जन्माच्या दिवसापासूनच पडते. डांग्या खोकल्याचा सर्वात जास्त धोका याच बाळाला. अशा बाळाची लस ८ आठवडे पुढे ढकलणं म्हणजे ज्याला गरज जास्त त्यालाच उशीर. म्हणून लस जन्मतारखेप्रमाणे, ६, १० आणि १४ आठवड्यांना, प्रकृती स्थिर असेल तर. या मुलीचं लसीकरण ८ आठवडे उशिरा झालं.

पाऊणरात्र

मॅडम, कारण कळल्यावर उलट उत्तर लिहिताच येणार नाही. पण तीन डोस झालेत ना? मग उशीर झाला म्हणून पुन्हा पहिल्यापासून द्यायचे का? पुढचा प्रश्न तोच होता.

वॉर्ड_नंबर_नऊ

नाही. डोसांमध्ये किमान ४ आठवडे अंतर होतं, ते मोजले जातात. लसीकरण अर्धवट राहिलं तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू करायचं.

रोटाव्हायरस मात्र नीट बघा. काही वेळापत्रकांत त्याचा पहिला डोस १५ आठवड्यांच्या आतच द्यायचा असतो. इथे १४ ला दिला, म्हणजे कसाबसा बसला. हेच बाळ २८ आठवड्यांना जन्मलं असतं आणि कुणी असेच १२ आठवडे वजा केले असते तर पहिला डोस १८ व्या आठवड्याला आला असता आणि ती संधी गेली असती. काही वेळापत्रकांत मात्र पहिल्या वाढदिवसापर्यंत मुभा आहे. म्हणून प्रश्नात कोणतं वेळापत्रक म्हटलंय ते आधी वाचा.

आत्या_सायली

माझा भाचा ३० आठवड्यांना झाला. आता तीन वर्षांचा आहे, जेमतेम दहा शब्द बोलतो. घरचे म्हणतात, अडीच महिने लवकर झाला म्हणून उशिरा बोलेल. मग त्याचंही वय कमी धरायचं का?

वॉर्ड_नंबर_नऊ

ताई, हा धागा परीक्षेचा आहे, पण तुमचं थांबवून ठेवण्यासारखं नाही. सुधारित वय साधारण दोन वर्षांपर्यंतच वापरतात. आणि अडीच महिने वजा करूनही तो अडीच वर्षांच्या पुढेच येतो. त्या वयाला दोन-तीन शब्दांची वाक्यं अपेक्षित असतात. लवकर जन्माने हा उशीर स्पष्ट होत नाही. त्याच्या कानांची तपासणी करून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा, वाट बघू नका.

पाऊणरात्र, तुम्हीही हे लक्षात ठेवा. सुधारित वयाने वेळ मागेपुढे होते, पण विकृत लक्षणाला माफी मिळत नाही. ४ महिन्यांच्या सुधारित वयातही बाळाची मूठ सतत आवळलेली असेल, एकच हात हलत असेल, पाय ताठ असतील, तर ते लवकर जन्मलं म्हणून सोडून द्यायचं नाही.

हिरवी_शाई

वजनाबद्दल एक सांगू का? बाळ अजून अगदी लहान असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर ठिपका टाकूच नका. मुदतपूर्व बाळांसाठी फेंटनचा तक्ता आहे, तो गर्भवयाच्या ५० आठवड्यांपर्यंत चालतो. या प्रश्नात ३२ अधिक २६ म्हणजे ५८, म्हणून इथे तो लागत नाही. गेल्या वेळी मी तिथेच अडकले होते.

माझी एक शंका आहे. बाळ १६०० ग्रॅमचं होतं, तर हिपॅटायटिस बी चा जन्माचा डोस मोजायचा का?

वॉर्ड_नंबर_नऊ

२ किलोखालच्या बाळात तो डोस मोजत नाहीत, त्यानंतर तीन डोस हवेत. पेंटाव्हॅलंटमधून तीन मिळतातच, त्यामुळे इथे हिशेब बदलत नाही. आई बाधित असेल तर मात्र वजन न बघता १२ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही. जन्माचा डोस नेमका कधी द्यावा यावर वेळापत्रकांचं एकमत नाही.

कोरा_कागद

मान्य, "सगळीकडे" चुकलंच. पण २८ आठवड्यांच्या आतल्या बाळांत दोन वर्षांनंतरही वय सुधारावं असं आमच्या वर्गात शिकवलं होतं. ते मग चूक का?

वॉर्ड_नंबर_नऊ

चूक नाही, तीन वर्षांपर्यंत मोजणारेही आहेत. पर्यायांत दोन वर्षं असेल तर मी तेच निवडते.

पाऊणरात्र

आज उजळणीची पद्धत बदलली. तक्ते बाजूला ठेवून एक काल्पनिक बाळ घेतलं, ३० आठवड्यांचं. एका कागदावर त्याचे ६ आठवडे, १४ आठवडे, ६ महिने आणि ९ महिने मांडले. प्रत्येक ओळीत दोन वयं लिहिली, वाढ आणि विकासासमोर लाल शाईने सुधारित, लसीसमोर निळीने खरं. ९ महिन्यांच्या ओळीत अडले. गोवराची लस खऱ्या ९ महिन्यांना लिहिली, पण स्वतःहून बसणं त्याच ओळीत लिहू लागले आणि हात थांबला. हे बाळ तेव्हा सुधारित वयाने साधारण पावणेसात महिन्यांचंच आहे.