पावसात चार महिने काम नाही, मग इमर्जन्सी फंड किती आणि कुठे?

मालवणचो_झील: इन्स्टावर इमर्जन्सी फंडाच्या दहा स्लाइड्स फिरतायत. 'पगाराच्या सहा पट बाजूला ठेवा, लिक्विड म्युच्युअल फंडात टाका.' मी स्कूबाच्या बोटीवर असतो. ऑक्टोबर ते मे महिन्याला २४,००० सुटतात, जून ते सप्टेंबर शून्य. घरी आई, बाईकचा हप्ता चालू. सहा पट म्हणजे १,४४,०००. एवढे कधी साठायचे?

देवगड_टू_पुणे: स्लाइड बरोबरच आहे. तुझं उत्पन्न अनियमित, म्हणजे उलट नऊ महिन्यांचे हवेत. लिक्विड फंडात एका वेळी ५०,००० पर्यंत लगेच काढायची सोय बऱ्याच फंडांत असते. मी तेच करतो, कधी अडलं नाही.

चिपळूणची_ताई: दादा, तुमचा पगार दर महिन्याला येतो, त्याचा येत नाही. आणि हिशेब पगारावर नाही, टाळता न येणाऱ्या खर्चावर करायचा. झील, तुझा खर्च टाक.

मालवणचो_झील: किराणा ५,०००, हप्ता २,८००, आईची औषधं १,५००, लाईट-मोबाईल १,२००, पेट्रोल १,०००. एकूण ११,५००.

चिपळूणची_ताई: आता बघ. पावसाचे चार महिने ही इमर्जन्सी नाही, ती दरवर्षी ठरलेली येते. आपल्याकडे पावसाआधी घरात सामान साठवून आगोट भरतात ना, तशी ही पैशांची आगोट. चार महिन्यांचे ४६,०००, म्हणजे सीझनमध्ये महिन्याला ५,७५०. हे वेगळं खातं. खर्च आणि आगोट जाऊन हातात ६,७५० उरतात. त्यातले ४,५०० इमर्जन्सी फंडासाठी बाजूला टाकलेस तर आठ महिन्यांत ३६,००० होतात, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च. एका सीझनमध्ये जमतं. बहुतेकांचं फसतं ते इथेच. दोन्ही पैसे एकाच खात्यात असतात, जुलैत घर चालवताना सगळे संपतात आणि ऑगस्टमध्ये आई आजारी पडली की सोनं गहाण.

देवगड_टू_पुणे: तीन महिने अपुरे आहेत. नोव्हेंबरात त्याचा पाय मोडला तर तीन महिन्यांची कमाई तर जाईलच, त्या महिन्यांची आगोटही भरली जाणार नाही. एका अपघातात दोन्ही खड्डे.

चिपळूणची_ताई: हा मुद्दा मान्य. तीन पहिल्या सीझनचे, दुसऱ्यात पाचवर न्यायचे. नऊ मात्र मी सांगणार नाही, कारण एवढा मोठा आकडा बघून माणूस सुरूच करत नाही.

दापोलीकाका: पतसंस्थेत ठेव रे. बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त देतात आणि पाच लाखांपर्यंत सरकारचा विमा असतोच. आमचा एजंट घरी येऊन पैसे घेऊन जातो.

चिपळूणची_ताई: काका, पाच लाखांचा तो विमा बँकांच्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थांना तो लागू नाही. तुमची पतसंस्था चांगली असेलही, पण अडचणीचे पैसे तिथे नकोत. बँकेतसुद्धा ३६,००० ची एकच एफडी करू नका. १०,००० च्या तीन करा. एक मोडली तर बाकीच्यांचं व्याज चालू राहतं, आणि मुदतीआधी मोडल्यावर साधारण अर्धा ते एक टक्का कमी मिळतं तेही एकाच एफडीवर. उरलेले बचत खात्यात. आणि झील, खातं आईबरोबर जॉइंट कर, 'दोघांपैकी कोणीही' असं लिहून. नाहीतर तू हॉस्पिटलात आणि सही मागतायत तुझीच.

कुडाळचो_आंबेवालो: आंब्याच्या विम्याचे पैसे कधी जमा होतले, कोणाक माहीत हा काय?

मालवणचो_झील: काका, तो धागा वेगळो.

बाजारपेठ_दुकान: चिपळूणवरनं आठवलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्याकडे लाईट नाही, नेटवर्क नाही, यूपीआय बंद. खात्यात पैसे असून पाण्याचे कॅन रोखीने घ्यावे लागले. घरात होते ते १,२०० रुपये, तेही सुट्टे नाहीत. आता माळ्यावर प्लास्टिकच्या डब्यात ५,००० असतात, शंभर-दोनशेच्या नोटा.

देवगड_टू_पुणे: घरातली रोख खर्च होऊन जाते, आणि व्याज शून्य. त्यापेक्षा लिक्विड फंडच बरा.

चिपळूणची_ताई: ५,००० वर वर्षाचं व्याज होऊन होऊन किती होणार? आणि नेटवर्कच नसेल तर फंडाचं ॲप उघडणार कसं? शिवाय लगेच काढायच्या सोयीलाही मर्यादा आहे. दिवसाला ५०,००० किंवा जमा रकमेच्या नव्वद टक्के, यातलं जे कमी ते. बाकीचे पैसे कामकाजाच्या पुढच्या दिवशी. शुक्रवारी रात्री मागितलेस तर सोमवार-मंगळवार उजाडतो. पाच महिने भरल्यानंतरचे पैसे तिथे टाक, त्याला माझी हरकत नाही.

देवगड_टू_पुणे: रोख मान्य. एफडीपेक्षा लिक्विड फंड बरा, यावर मी अजून ठाम आहे.

मालवणचो_झील: बाईकचा हप्ता आधी फेडून टाकला तर? महिन्याचा खर्च ८,७०० वर येईल, मग फंडही लहान लागेल. की फंड आधी?