‘डीएन करा’ लिहिलं आणि झाला घोळ: दुसऱ्या खात्याला शॉर्टफॉर्म लिहावेत का?

स्टोअरवाला_सोलापूर
टॉवेलच्या कारखान्यात स्टोअरला आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मागच्या आठवड्यात अकाउंटला मेल टाकला, ‘४० बॅग सूत डाईंगला, डीएन करा’. आमच्यात डीएन म्हणजे डिलिव्हरी नोट, अकाउंटच्या ताईंनी काढली डेबिट नोट. म्हणजे सूत आमचंच, रंगवायला दिलेलं, आणि पैसे लावले डाईंगवाल्याच्या नावावर. ते अण्णा फोनवर काय बोलले ते हितं लिहिता येत नाही. आता साहेब म्हणायलेत दुसऱ्या खात्याला एकपण शॉर्टफॉर्म लिहायचा नाही. दिवसाला तीसचाळीस मेल असतात ओ, हे जरा जास्तच होत नाही का?

लूमशेड
जास्तच आहे. १२ वर्षं प्रॉडक्शनला काढली, आम्हाला कुणी उलगडून सांगितलं नव्हतं, विचारून विचारून शिकलो. आता जीएसएमला काय ‘एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन’ असं दरवेळी लिहू? ताईंनी एक फोन केला असता तर विषय संपला असता.

नवीपेठकर
सोपं आहे की, पहिल्यांदा फुल फॉर्म लिहायचा, पुढं शॉर्टफॉर्म. कशाला एवढा विचार.

जुना_क्यूसी
डीएनपुरतं बरोबर आहे तुमचं, फुल फॉर्म असता तर हा घोळ झालाच नसता. टॅलीत डिलिव्हरी नोट आणि डेबिट नोट दोन्ही आहेत, पण ताईंच्या डोक्यात डीएन म्हणजे डेबिट नोटच, त्यामुळं त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं, मग फोन कशाला करतील? ज्याला कळलंच नाही तो विचारतो, ज्याला चुकीचं कळलं तो कामाला लागतो.

पण सगळीकडं फुल फॉर्म चालत नाही. मी स्वतः एकदा लिहिलं होतं, ‘जीआरएन झालंय, लॉट होल्ड, एनसी काढलीय’. त्याचं ‘गुड्स रिसीट नोट झाली, नॉन कन्फॉर्मन्स काढला’ केलं तरी अकाउंटला काय कळणार, बिल पास करायचं का नाही? नंतर असं लिहायला लागलो: ‘सूत आलंय, वजन बरोबर आहे, पण तपासणीत गाठी जास्त निघाल्या. मी कळवेपर्यंत बिल पास करू नका. लॉट नंबर अमुक.’ लॉट नंबर मात्र जसाच्या तसा टाकायचा, तो शोधायला लागतो.

लूमशेड दादा, जीएसएम बायरच्या लॅबला लिहायचं असेल तर तेच पाहिजे, बदलूच नका. पण पॅकिंगवाल्याला ४५० जीएसएम सांगून काय उपयोग? त्याला सांगा ३० बाय ६० इंची टॉवेल साधारण ५२० ग्रॅम भरतो, तो त्यावरनं खोक्याचं वजन काढतो.

आणि खरी भीती साध्या दिसणाऱ्या शब्दांची. परचेसला नवीन पोरगा आला, त्याला वाटलं २० काउंट म्हणजे १० पेक्षा जाड सूत. आकडा मोठा, म्हणून जाड. असतंय उलटं. तिथं शॉर्टफॉर्म कुठं होता?

सातरस्ता_गुरुजी
मी तर म्हणतो सगळं शुद्ध मराठीत लिहा. आमच्या शाळेत परिपत्रक येतंय, त्यात अर्धे शब्द इंग्रजी.

जुना_क्यूसी
गुरुजी, प्रश्न मराठी-इंग्रजीचा नाही ओ. डेबिट नोटला ताईंनी ‘नावे टीप’ लिहिलं असतं तर स्टोअरवालेच अडकले असते.

हिशोबताई
मी दुसऱ्या कंपनीत अकाउंटला आहे. स्टोअरलाच काय बोलायलाय, आम्ही पण तेच करतो. परचेसला मी कितीदा लिहिलं, ‘टू-बी मध्ये नाही, आयटीसी मिळणार नाही’. ते ‘ओके’ लिहून गप्प. मला वाटलं कळलं. महिनाभरानं समजलं की ओके म्हणजे नुसतं वाचलं. आता लिहिते, ‘तुमच्या पार्टीनं हे बिल जीएसटी रिटर्नला दाखवलेलं नाही, त्यामुळं आपल्याला त्यावरच्या टॅक्सची वजावट मिळत नाही. पार्टीला फोन करून दाखवायला सांगा, तोवर पेमेंट थांबवलंय.’ लांब होतंय, पण त्याच दिवशी फोन जातोय. पेमेंट थांबलं म्हटलं की सगळ्यांना मराठी कळतं 😄

लूमशेड
ताई, तुमचं महिन्याला दहा मेलचं काम. आमच्याकडं रात्रपाळीत लूम बंद पडलं की उभ्या उभ्या मोबाईलवर लिहावं लागतं, तिथं निबंध कोण लिहील?

जुना_क्यूसी
मेन्टेनन्सला लिहायलाय ना? मग लिहा की शॉर्टमध्ये, ते तुमच्याच भाषेतले आहेत. तोच मेसेज सकाळी डिस्पॅचला तसाच फॉरवर्ड करता, तिथं माझं भांडण आहे.

लूमशेड
फॉरवर्ड मी नाही करत, सुपरवायझर करतो. त्याला कोण सांगणार?

स्टोअरवाला_सोलापूर
आमच्यात तर सुपरवायझर मीच आहे 🙏 डेबिट नोट रद्द झाली, अण्णा अजून फोन उचलत नाहीत.