'कोट उलटवणे' म्हणजे नक्की काय?

केतकी_कर्वेनगर: एक कथा वाचतेय, त्यात बाई वारलेल्या वडिलांचा लोकरी कोट आठ वर्षांच्या मुलासाठी जॅकेट करते. वाक्य असंय, "तिने कोट सगळा उसवला आणि उलटवून शिवला." पुढे मुलगा छातीच्या उजव्या खिशात गोट्या भरतो. कोटाला वरचा खिसा डावीकडे असतो ना? लेखिकेची चूक की काय?

पेठकर: उलटवणे म्हणजे आतलं अस्तर बदलणं. खिशाचं छपाईत चुकलं असणार.

शिवणमावशी: नाही हो, अस्तराचा काही संबंध नाही. लोकर वापरून वापरून वरून विटते, कोपरांना, कॉलरला चकाकी येते, पण आतली बाजू अस्तराखाली झाकलेली म्हणून तिचा रंग तसाच राहतो. मग टिपा उसवायच्या, सगळे तुकडे सुटे करायचे, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवायची आणि आतली बाजू वर घेऊन परत शिवायचं, त्याला उलटवणं म्हणायचे. माझे सासरे लक्ष्मी रोडला शिंपीकाम करायचे, त्यांच्याकडे असे कोट यायचे. आता तुकडा उलटला की डावा पुढा उजवीकडे जातो, खिशाची चीर त्यातच कापलेली असते, ती कुठे जाणार? उजवा खिसा म्हणजे उलटवलेल्या कोटाची खूणच. लेखिकेला शिवण कळतं.

केतकी_कर्वेनगर: अच्छा!! मग काजं पण उजवीकडे जाणार, म्हणजे बायकांच्या कोटासारखं?

शिवणमावशी: जातात की. मोठ्यांच्या कोटाला ती रफू करून बुजवावी लागायची आणि तरी दिसायची. इथे मुलगा लहान, काजांची कड कापूनच टाकली असेल, पुढा तेवढा रुंद असतोच. खिसा आतल्या अंगाला म्हणून वाचला.

नचिकेत७: आजोबांचा ब्लेझर आहे माझ्याकडे, कसर लागलीय, उलटवला तर भोकं जातील का? पुण्यात कोण करून देईल?

शिवणमावशी: भोक आरपार असतं रे बाबा, उलटवून काय होणार. उजेडासमोर धरून बघ, जिथे चांदण्या दिसतील तो भाग सोडून बेतायचं. आणि आधी उन्हात टाकून ब्रशने झाडून घे, नाहीतर कपाटातल्या बाकीच्या लोकरीला पण लागेल.

पेठकर: मान्य. पण कथेत पुढे "शिवणीत माया भरपूर होती" असंय म्हणे, ते वडिलांच्या मायेबद्दल ना?

शिवणमावशी: टिपेच्या आत सोडलेलं जादा कापड म्हणजे माया, आम्ही रोज म्हणतो. दुसरा अर्थ लेखिकेने काढू दिलाय की नाही तिलाच विचारा.

केतकी_कर्वेनगर: आमच्या आई म्हणतात त्यांच्याकडे कोट 'परतवून' घ्यायचे, 'उलटवून' नाही. कुणाच्या घरात काय म्हणतात?

नचिकेत७: ब्लेझरचं कोणी सांगा ना प्लीज