मदत हवी आहे: संचालकांच्या मेलमधल्या वरच्या दोन ओळींत अट कशी बसवायची?

मी चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. आमचे संचालक कायम फिरतीवर असतात. मेल मोबाईलवर बघतात आणि उत्तर एकच, "ओके". म्हणून लांबलचक मेलमध्ये "नमस्कार सर"च्या लगेच खाली दोन ओळींचा सारांश टाकायला लागलो. पहिलीत काय हवंय आणि कधीपर्यंत, दुसरीत शिफारस आणि कारण. ताजा नमुना:

"एअर कॉम्प्रेसर खरेदीला शुक्रवार दुपारपर्यंत मंजुरी हवी: 8.40 लाख रुपये अधिक जीएसटी.
शिफारस पुरवठादार 'ब'ची: 40 हजारांनी महाग, पण 3 आठवड्यांत देतो; 'अ'ला 8 लागतात."

"ओके" तासाभरात आलं. पण 'ब'ला 50 टक्के आगाऊ द्यायचे आहेत आणि ती अट खाली चौथ्या परिच्छेदात. आता अकाउंट्सवाले अडून बसलेत की ही मंजुरी खरेदीची आहे, आगाऊ रकमेची नाही. त्यांचंही चूक नाही म्हणा.

अट वर घेतली की सारांशाच्या चार ओळी होतात. विषयाच्या ओळीत घातली तर मोबाईलवर अर्धीच दिसते. वेगळा मेल केला तर तो तसाच पडून राहतो. फोनवर विचारता येईल, पण ऑडिटला लेखी मंजुरी लागते.

दुसऱ्या ओळीतलं कारण खाली ढकलून तिथे "ओके म्हणजे 50 टक्के आगाऊसह मंजूर" असं थेट लिहावं का? की कारण दिसलं नाही तर सर उलट प्रश्न विचारत बसतील? तुमच्याकडे दोनपैकी काय वर ठेवतात?