ग्रंथालयाच्या बजेटमधून बाइंडिंग काढून टाकायचं का?

ताळेबंद:
यंदा मला ग्रंथालय समितीवर घेतलंय. कॉलेज अनुदानित, कला-वाणिज्य. तीन लाखांचं अंदाजपत्रक समोर आलं. पुस्तकं १,८०,०००, नियतकालिकं ६५,०००, डिजिटल १५,००० आणि बाइंडिंग ४०,०००! आजच्या काळात खळ-पुठ्ठ्याला चाळीस हजार? एन-लिस्टवर, कॉलेजांसाठीच्या त्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहात, लाखो पुस्तकं पडली आहेत. बाइंडिंग शून्य करून तो पैसा डिजिटलला द्या, असं लिहून देणार आहे. कुणाला काही म्हणायचं असेल तर ऐकू.

दाखलनोंद:
"ऐकू" म्हणालात म्हणून लिहिते, एरवी असलं वाचून पुढे गेले असते. मी २३ वर्षं ग्रंथपाल आहे.

अनुदानित कॉलेजला एन-लिस्टची वर्षाची वर्गणी जीएसटीसकट ५,९०० रुपये पडते. त्यात आणखी चाळीस हजार ओतलेत तरी एक पान जास्त मिळणार नाही. दुसरं काही पॅकेज घ्याल, तर ते एका वर्षाचं भाडं. वर्गणी थांबली की बहुतेकदा कपाट रिकामं. आणि ती लाखो पुस्तकं बहुतेक इंग्रजी. मराठीतून परीक्षा देणाऱ्या एस.वाय.च्या मुलीला लागणारं क्रमिक पुस्तक त्यात शोधून दाखवा.

आता बाइंडिंग. हल्लीची पाठ्यपुस्तकं नुसत्या गोंदावर चिकटवलेली असतात. दोन सत्रं मुलांच्या सॅकमधून फिरली की मधली पानं हातात येतात. आमच्याकडे एका पुस्तकाला १२५ रुपये पडतात, म्हणजे तुमच्या चाळीस हजारांत ३२० पुस्तकं उभी राहतात. तीच नवी घ्यायची तर ४५० छापील किंमत, २० टक्के सूट, म्हणजे ३६० ला एक. करा गुणाकार. १,१५,२०० होतात. वाणिज्यचे आहात ना?

शाळामास्तर:
आमच्या शाळेला वेतनेतर अनुदान दोन वर्षं आलेलं नाही. त्यातून बाइंडिंग करता येतं का?

पीएचडीवाली:
पण वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय ना? सहा हजार कोटींची योजना, जवळजवळ तेरा हजार जर्नल्स. मग जर्नल्सवर ६५,००० तरी कशाला?

दाखलनोंद:
ती जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, पण पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांसाठी. आमच्यासारखी खासगी अनुदानित कॉलेजं त्यात नाहीत. आणि ६५,००० मध्ये वर्तमानपत्रं, स्पर्धा परीक्षांची मासिकं, 'नवभारत'सारखी मराठी नियतकालिकं सगळं आलं. तेरा हजार जर्नल्समध्ये ती कुठून येणार?

मार्चएंड:
चाळीस हजारांवर भांडताय आणि एक लाख ऐंशीवर कुणी चकार शब्द काढत नाही! मी लेखा विभागात होतो. वर्षभर विभागांकडून पुस्तकांच्या याद्या येत नाहीत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात प्राचार्यांना आठवतं की निधी संपवायचाय. मग पुरवठादार टेम्पो भरून आणतो. मार्च २०२४ मध्ये आमच्याकडे "४० टक्के सूट" म्हणून काय आलं, तर जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं, एकेकाच्या पंचवीस-पंचवीस प्रती. जूनपासून संलग्न कॉलेजांत प्रथम वर्षाला नवं शैक्षणिक धोरण लागू होणार, हे त्याला माहीत होतं. आमच्या समितीला नव्हतं? बिलं ३० तारखेला पास झाली.

ताळेबंद:
हे समितीचं अपयश. त्याचा बाइंडिंगशी काय संबंध?

मार्चएंड:
संबंध हाच की त्या सगळ्या प्रती आज बाइंडिंगच्या ढिगात नाहीत. कोऱ्या करकरीत उभ्या आहेत. फाटतं ते मुलं वाचतात ते. आणि त्या ४० टक्क्यांचंही ऐका. निम्म्या पुस्तकांवर किमतीचं स्टिकर होतं. स्टिकर असलं म्हणजे खोटंच असं नाही, प्रकाशकही किंमत वाढवून लावतात. पण मी नखाने एक खरवडलं. खाली २२०, वर ३९५. प्रकाशकाच्या चालू सूचीत बघितलं तर २२०च. म्हणजे सूट वजा जाता २३७. छापील किमतीपेक्षा सतरा रुपये जास्त! साहेबांकडे गेलो तर म्हणाले, "तुम्ही बेरजा तपासा."

पीएचडीवाली:
अगदी! आमच्याकडेही माझ्या विषयाचं मागितलेलं एकही पुस्तक आलं नाही, वर "विभागाने यादी दिली नाही" असं उत्तर. यादी मी सप्टेंबरमध्ये दिली होती, सहीनिशी.

दाखलनोंद:
सप्टेंबरमध्ये यादी देणारे तुम्ही विरळाच. मी तीनदा परिपत्रक काढते तेव्हा कुठे एक विभाग यादी देतो, तीही लेखकाच्या नावाशिवाय. सगळा दोष ग्रंथालयाच्या माथी मारू नका.

ताळेबंद:
मार्चएंड यांनी माझंच काम केलं. बाई, तुमच्या ३२० मध्ये जुन्या अभ्यासक्रमाची किती? तीही शिवून ठेवताय ना? वाढवा आकडा!

दाखलनोंद:
(राग गिळून.) हो, काही आहेत. पण धोरण वर्षावर्षाने वर सरकलं. २०२५-२६ पर्यंत तृतीय वर्षाला जुनाच अभ्यासक्रम होता, आणि विषय राहिलेली मुलं अजून तीच पुस्तकं मागतात. तरी मानते, प्रथम वर्षाची जुनी शिवायला नकोत. ढीग पुन्हा चाळला तर साधारण निम्मा उरेल. १६० पुस्तकं, वीस हजार. नवी घेतलीत तर ५७,६००. शून्य होत नाही.

खळपुठ्ठा:
वडिलांचा बाइंडिंगचा धंदा होता म्हणून बोलतो. १२५ रुपयांत जुजबंदी, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या घडीतून केलेली शिलाई, होतच नाही. तुमचा माणूस काठाला भोकं पाडून आरपार शिवत असणार. मग पुस्तक नीट उघडत नाही, मुलं झेरॉक्ससाठी दाबतात आणि पाठ मोडते. चाळीस हजार पाण्यात. करायची तर जुजबंदीच करा.

दाखलनोंद:
दाबून मोडतं हे खरं. पण जुजबंदीला दुमडलेले जुज लागतात. गोंदाच्या पुस्तकात पाठ आधीच कापलेली, नुसती सुटी पानं. दोरा कशातून घालणार? ती पानं छोट्या गठ्ठ्यांनी काठावरून शिवावी लागतात, आणि त्यासाठी आतला समास बोटभर हवा. समास कमी असेल तर मी ते पुस्तक देतच नाही, ओळी शिलाईत जातात. जुन्या शिवलेल्या ग्रंथांना मात्र जुजबंदीच, आणि कटिंग मशीनवर चढवायचे नाहीत. एकदा एका गॅझेटियरच्या नकाशांच्या कडा कापून आल्या होत्या. बिल मी अडवलं, नकाशे गेले ते गेलेच.

खळपुठ्ठा:
सुट्या पानांचं लक्षात नव्हतं आलं. वडिलांच्या काळी पुस्तकं शिवूनच यायची. तरी १२५ मध्ये खळ कसली वापरतो ते विचारा. मोरचूद न घातलेली असेल तर झुरळं पुठ्ठा खातात.

ताळेबंद:
बरं, वीस हजार लिहितो. तुमच्या शब्दाखातर नव्हे, तुमच्याच गुणाकारावरून. उरलेले वीस डिजिटलला.

दाखलनोंद:
उपकार झाले. डिजिटलला देण्याआधी एक सांगा, तुमच्या विभागातल्या किती जणांनी एन-लिस्टवर लॉगिन केलंय? खाती मीच उघडून दिली आहेत आणि वापराचा अहवाल मला दिसतो.

ताळेबंद:
माझा पासवर्ड चालत नाही.

दाखलनोंद:
एप्रिलमध्ये पाठवला होता. सोमवारी काउंटरवर या. येताना पुस्तकांची यादीही आणा, लेखकांच्या नावांसकट.

शाळामास्तर:
वेतनेतरचं कुणी सांगेल का?